कट्ट्याचा ग्रॅनाईट आणि घरची फरशी: कटिंगमध्ये दगड किती जातो, कसा वाचतो

दगडाच्या दुकानात "वेस्टेज किती धरू?" असं विचारलं की बेळगाव असो वा निपाणी, उत्तर ठरलेलं असतं: "धरा की दहा-पंधरा टक्के, पुरतंय." हा आकडा कुठून आला ते कुणी सांगत नाही, कारण तो कुठूनच आलेला नसतो. एकाच मापाच्या कट्ट्याला एका घरात नऊ टक्के दगड वाया जातो आणि त्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर सत्तावीस टक्के. दगडाच्या जातीचा यात काही दोष नाही. शिंपी जसा आधी कापडाचा पन्हा बघतो, तसा इथे आधी स्लॅबचा पन्हा बघावा लागतो. तुम्हाला हवे असलेले तुकडे त्या रुंदीत बसले तर दगड वाचतो, नाही तर त्याचे पैसे देऊन तो जिन्याखाली ठेवावा लागतो.

पहिलाच फ्लॅट घेतलेल्यांसाठी हा लेख आहे. टिळकवाडी, अनगोळ, वडगाव भागात मिळतो तसा एक बेडरूमचा फ्लॅट डोळ्यांसमोर ठेवू. कट्टा ग्रॅनाईटचा आणि फरशी पॉलिश केलेल्या शहाबादीची किंवा कोट्याची, असं धरू.

कट्ट्याला कोणता दगड

याच्यावर फार वेळ घालवत नाही. कडप्पा, शहाबादी आणि कोटा हे तिन्ही चुन्याच्या जातीचे दगड. त्यांना आंबट चालत नाही. लिंबू, चिंचेचा कोळ किंवा कोकमाचं आगळ रात्रभर सांडून राहिलं तर चकाकी उडते आणि पुसून परत येत नाही. म्हणून कडप्पा कट्ट्याच्या खाली, उभ्या आधारांना आणि मधल्या फळ्यांना घ्यावा, वर ग्रॅनाईट. आपल्या राज्यात ग्रॅनाईटची कमतरता नाही. बागलकोट जिल्ह्यातलं इलकल (आपल्या बायका ज्याला इरकल म्हणतात, लुगड्यांचं तेच) तिथल्या लालसर-गुलाबी ग्रॅनाईटसाठीही ओळखलं जातं. काळा दगड चामराजनगरकडून येतो. आंध्रातल्या ओंगोलजवळचा चमकीच्या ठिपक्यांचा काळा ग्रॅनाईटही दुकानांतून दिसतो.

काळा दगड घेताना दोन चाचण्या तिथेच करून घ्या. कोपऱ्यावर लिंबाचे दोन थेंब टाकून पाच-दहा मिनिटांनी पुसा. तेवढ्या जागेची चकाकी गेली तर तो ग्रॅनाईट नव्हे, पॉलिश मारलेला कडप्पा आहे. मग नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस बुडवून दगडावर घासा. कापूस काळा झाला तर दगडाला रंग चढवलेला आहे.

मापं: गिलावा झाल्यावर, टाइल्स लावण्याआधी

बिल्डरच्या नकाशावरचं माप दगडाला उपयोगाचं नाही. गिलावा पूर्ण वाळल्यावर टेप लावायचा आणि तोही तीन ठिकाणी: भिंतीला चिकटून, मध्ये, आणि कट्ट्याची पुढची कड येईल तिथे. भिंती काटकोनात असतीलच असं धरू नका. मागे ८ फूट २ इंच आणि पुढे ८ फूट दीड इंच असा फरक नेहमी सापडतो. मिस्त्री सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कागदावर तुम्हीही इंच आणि सूतच लिहा. मिलिमीटर लिहिलेत तर दुकानात त्याचं परत इंचात रूपांतर होतं आणि तिथे घोळ होतो.

कट्ट्याचा दगड आधी बसतो आणि भिंतीवरच्या टाइल्स त्याच्यावर उभ्या राहतात. त्यामुळे भिंतीलगतची दोन-तीन सुतांची फट टाइलच्या जाडीखाली झाकली जाते. म्हणून दगड भिंतीत घट्ट ठोकून बसेल इतका लांब कापायचा नाही. सगळ्यात कमी भरलेल्या मापापेक्षा दोन सूत कमी धरायचा. भिंत फारच तिरकी असेल तर जुन्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्या कोपऱ्याचा नमुना करा आणि तोच दुकानात न्या.

एक कट्टा, कागदावर

आपल्या फ्लॅटमध्ये एल आकाराचा कट्टा आहे. लांब बाजू भिंतीपासून भिंतीपर्यंत ९८ इंच, आखूड बाजू कोपरा सोडून ५४ इंच. आखूड बाजूचं टोक फ्रिजला टेकतं, त्यामुळे तिथे पट्टी लागत नाही. रुंदी दोन्हीकडे २४ इंच. म्हणजे मोठे तुकडे दोन: ९८ गुणिले २४ आणि ५४ गुणिले २४.

याशिवाय पुढच्या कडेच्या पट्ट्या लागतात. सुमारे १८ मिलिमीटर जाडीचा दगड समोरून बारीक दिसतो आणि खालचा कडप्पा व मधला माल उघडा पडतो, म्हणून कडेखाली त्याच दगडाची पावणेतीन इंची उभी पट्टी चिकटवतात. लांब बाजूला कोपऱ्याचे २४ इंच सोडून ७४ इंच आणि आखूड बाजूला ५४ इंच. या पट्ट्या लोक हिशोबात धरायला विसरतात. मग मिस्त्री आयत्या वेळी चांगल्या स्लॅबमधून त्या काढतो.

आता दुकानात जाऊन पन्हा बघायचा. समजा हव्या त्या रंगात ८ फूट ६ इंच लांबीच्या स्लॅब तीन रुंदींत आहेत: २४, २७ आणि ३० इंच. हात सहज २४ कडे जातो, कारण कट्टाही २४ चाच आहे. ती स्लॅब घेऊ नका. तिची कड खडबडीत असते, ती सरळ करताना अर्धा इंच जातो, आणि पट्ट्यांसाठी दुसरा दगड लागतो. ३० इंचीत पट्ट्या निघतात, पण दोन स्लॅबमागे सव्वाचार चौरस फूट जादा विकत घ्यावे लागतात. त्याचा उपयोग ठरलेला असेल तरच ती घ्यावी.

२७ इंचीचा हिशोब असा बसतो. पहिल्या स्लॅबमधून ९८ गुणिले २४ चा तुकडा निघतो आणि शेजारी तीन इंचांची लांब चिरफळी उरते. ब्लेड स्वतःच एक-दीड सूत दगड खातं. ते वजा करून उरलेल्यातून पावणेतीन इंची, ७४ इंच लांब पट्टी मिळते. दुसऱ्या स्लॅबमधून ५४ गुणिले २४ आणि शेजारून ५४ इंची पट्टी. शेवटी ४८ गुणिले २७ इंचांचा एक अखंड तुकडा हातात राहतो.

दोन स्लॅब मिळून ३८.२५ चौरस फूट झाले. कट्टा आणि पट्ट्यांना लागले जेमतेम २७.८. इथेच थांबलात तर साडेदहा चौरस फूट, म्हणजे सत्तावीस टक्के दगड पडून राहिला. वरच्या मजल्यावरचा तो आकडा यातूनच येतो. पण त्या ४८ गुणिले २७ च्या तुकड्याला जागा आहे. स्वयंपाकघराच्या आणि बेडरूमच्या खिडकीला ८ इंच रुंद, ४५ इंच लांब अशा दोन पाट्या लागतात. संडास आणि बाथरूमच्या दारांना ५ गुणिले ३० चे दोन उंबरे लागतात. आठ, आठ, पाच, पाच मिळून सव्वीस इंच आणि तीन कटांचा अर्धा इंच. सत्तावीसात बसलं. आता वाया गेला तो साधारण साडेतीन चौरस फूट, नऊ टक्क्यांच्या आसपास.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी घरभर फिरून ग्रॅनाईट लागणाऱ्या सगळ्या लहान जागांची यादी, मग कट्ट्याचं माप, मग चौकटीच्या वहीत एक चौकोन म्हणजे तीन इंच धरून आखणी, आणि शेवटी दुकान. बरेच जण कट्ट्याचा दगड आज आणतात आणि खिडक्यांचा दोन महिन्यांनी, दुसऱ्या रंगाचा.

दुकानात अर्धी स्लॅब किंवा तुटकी स्लॅब मिळते का तेही विचारा. ५४ इंचांच्या तुकड्याला साडेआठ फुटांची स्लॅब लागत नाही. कोपरा मोडलेली स्लॅब दर पाडून मागावी आणि मोडका कोपरा चार फुटी उरलेल्या बाजूला टाकावा. तिथे लहान तुकडेच कापायचे आहेत.

जोड कुठे द्यायचा

एलच्या कोपऱ्यात फोटोत दिसतो तसा तिरका, पंचेचाळीस अंशांचा जोड चांगला दिसतो खरा. पण त्यासाठी आखूड बाजूचा तुकडा ५४ ऐवजी ७८ इंचांचा घ्यावा लागतो आणि दोन्ही तुकड्यांचे त्रिकोण मिळून चार चौरस फूट जातात. शिवाय त्या अणकुचीदार टोकाचा टवका उडतो. छोट्या स्वयंपाकघरात सरळ जोडच बरा. तो सिंकपासून लांब ठेवा. सिंकच्या मधोमध जोड दिला की दगड वाचतो असं सांगणारे भेटतील, पण पाणी नेमकं तिथूनच खाली कडप्प्यावर झिरपतं.

आणखी एक गोष्ट स्लॅब निवडायच्या आधीच तपासा: ९८ इंचांचा दगड वर जाणार कसा? लहान बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये आठ फुटांचा तुकडा उभा राहत नाही. जिन्याने न्यायचा तर चौकात तो वळला पाहिजे. त्यासाठी तेवढ्या लांबीची पट्टी किंवा पीव्हीसी पाइप घेऊन स्वतः एकदा जिना चढून बघा. अडकला तर लांब बाजूला जोड द्यावा लागणार, आणि मग आखणीच बदलते. वजनाचाही अंदाज असू द्या. १८ मिलिमीटर ग्रॅनाईट चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतो, म्हणजे आपली एक अख्खी स्लॅब ८५ किलोंच्या आसपास. तो नेहमी उभ्या कडेवर धरून न्यायचा. आडवा धरला तर स्वतःच्याच वजनाने मोडतो.

याच कारणाने सिंकचं भोक दुकानात पाडून आणू नये. भोक पाडलेल्या दगडाला सिंकच्या पुढे जेमतेम तीन-चार इंचांची कड उरते आणि जिन्यात पहिला तडा तिथेच जातो. लांब सरळ कट आणि कडेचं मोल्डिंग दुकानात, पाण्याखालच्या मशीनवर करून घ्या. सिंकचं भोक मात्र दगड घरात, सगळीकडून आधार देऊन सपाट ठेवल्यावर पाडा. भोकाच्या चारही कोपऱ्यांना आधी ड्रिलने गोल छिद्रं पाडायला सांगा आणि मग ती छिद्रं कटरने जोडायला. कोपरा नुसत्या कटरने टोकदार कापला तर पुढे केव्हा तरी तिथून केसासारखी चीर धावते. आणि सिंक आधी विकत आणून मिस्त्रीसमोर ठेवा. खोक्यावर छापलेल्या मापावर भोक पाडू देऊ नका.

दुकानात स्लॅब बघताना

स्लॅबवर पाणी ओता आणि थांबा. पाणी वाळत जाताना सगळा दगड फिका होतो. एखादी बारीक रेघ मात्र ओली, काळपट राहिली तर ती चीर आहे. नैसर्गिक शीर असेल तर ती बाकीच्या दगडाबरोबरच वाळते. मग स्लॅब मागून बघा. मागे जाळी चिकटवलेली असेल तर दगड कमजोर असण्याची शक्यता धरून चाला आणि सिंकच्या बाजूला तो घेऊ नका. दोन्ही स्लॅब एकाच लॉटच्या, शक्यतो लागोपाठ नंबरच्या घ्या. नंबर बहुधा कडेला लिहिलेला असतो.

मोजणीच्या वेळी टेपचं एक टोक तुमच्या हातात असू द्या. स्लॅबची कड वेडीवाकडी असते आणि दुकानदार सर्वांत लांब जागी टेप धरतो. तुम्हाला उपयोग आहे तो त्यात बसणाऱ्या सरळ आयताचा. काही दुकानांत इंच वर ओढून पुढच्या मोठ्या मापाला पैसे लावतात. ही पद्धत आहे का, ते दर ठरवायच्या आधी विचारा, कारण बिल झाल्यावर त्या प्रश्नाला अर्थ राहत नाही. दगड चौरस फुटाने, मोल्डिंग आणि कटिंग रनिंग फुटाने, सिंकचं भोक नगावर, आणि हमाली-टेम्पो वेगळा. हे चारही दर एकाच कागदावर लिहून घ्या. बिल कन्नडमध्ये आलं आणि तुम्हाला वाचता येत नसलं तरी काळजी नाही. आकडे तुमच्या आखणीशी ताडून बघता येतात.

आणि सरळ सांगा: "उरलेले सगळे तुकडे टेम्पोत घाला." घरी सिंकचं भोक पाडल्यावर निघणारा तुकडासुद्धा टाकू देऊ नका. कट्ट्यातून निघालेल्या त्या साधारण २२ गुणिले १६ इंचांच्या तुकड्याचे पैसे तुम्ही दिलेले आहेत. बाथरूममध्ये साबण-बादलीच्या कोनाड्याला तो चपखल बसतो.

फरशी: उरलेले इंच मोजा

फरशीचा हिशोब वेगळा आहे. इथे तुकडे ठरलेल्या मापाचे येतात. पॉलिशची शहाबादी किंवा कोटा 'दोन बाय दोन' म्हणून विकतात, पण प्रत्यक्षात तो बहुधा २२ इंचांचा चौकोन असतो. टेप लावून खात्री करा, कारण दोन फूट धरून नग मोजलेत तर नक्की कमी पडतील.

हॉल १० फूट ३ इंच गुणिले ११ फूट ६ इंच आहे, म्हणजे १२३ आणि १३८ इंच. एका बाजूला पाच अख्ख्या फरश्या बसून १३ इंच उरतात. दुसऱ्या बाजूला सहा बसून ६ इंच. मिस्त्री तोंडी हिशोब करतो: सहा आणि सात, बेचाळीस नग. पण जरा बघा. अख्ख्या फरश्या तीस. १३ इंची पट्ट्यांसाठी सहा नग कापले की प्रत्येकातून ९ इंच रुंद तुकडा उरतो. दुसऱ्या भिंतीला ६ इंची पट्ट्या हव्यात; त्या या ९ इंची तुकड्यांतूनच निघतात आणि कोपऱ्याचा लहान तुकडाही. म्हणजे छत्तीस नगांत ११८ चौरस फुटांचा हॉल झाला. वाया गेलं जेमतेम तीन चौरस फूट.

आता शेजारची बेडरूम घ्या, १० फूट २ इंचांची चौरस. दोन्ही बाजूंना पाच फरश्या आणि वर १२ इंच. बारा हा वाईट आकडा, कारण २२ च्या निम्म्यापेक्षा किंचित जास्त. एका फरशीतून एकच पट्टी निघते आणि उरलेले १० इंच दुसऱ्या बाजूलाही अपुरे पडतात. इथेही छत्तीसच नग लागतात, पण खोली १०३ चौरस फुटांचीच आहे. जवळजवळ अठरा चौरस फूट तुकड्यांत गेले. दहा टक्क्यांचा ठोकताळा एका खोलीत जास्त होतो आणि दुसऱ्या खोलीत कमी पडतो, तो असा. बाकी ११ इंचांच्या आत असेल, तीही ब्लेडचं सूत सोडून, तर एका नगातून दोन पट्ट्या निघतात. अकराच्या वर गेली की उरलेल्या तुकड्याला दुसरीकडे काम शोधावं लागतं.

बेडरूममध्ये ते काम समोरच आहे. भिंतीलगतच्या स्कर्टिंगला तीन इंची पट्ट्या लागतात. दारं सोडून सुमारे ४१६ इंच, म्हणजे बावीस इंची एकोणीस पट्ट्या. ते दहा-दहा इंचांचे दहा तुकडे आहेत, प्रत्येकातून तीन निघतात. सगळं स्कर्टिंग त्यातच होऊन उरतं. हॉलमध्ये उलट परिस्थिती: तिथे तुकडेच उरले नाहीत, त्यामुळे स्कर्टिंगसाठी तीन नग जादा घ्यावे लागतील. पण बेडरूमच्या शिल्लक अकरा पट्ट्या तिकडे वापरल्या तर एकच नग पुरतो. म्हणून मिस्त्रीला सांगून ठेवा की बेडरूम आधी, हॉल नंतर, आणि खोली झाली की तुकडे गोणीत भरून बाहेर नेऊ नका. खोली साफ दिसावी म्हणून तुकडे खाली टाकले जातात आणि स्कर्टिंगच्या दिवशी नवे नग फुटतात.

कापलेली पट्टी दाराकडून दिसू देऊ नका. अख्खी फरशी दारापासून सुरू करायची आणि कापीव कपाटाच्या किंवा पलंगाच्या भिंतीकडे घालवायची. तिरकी, शंकरपाळी नक्षी लहान खोलीत टाळा. चारही भिंतींना त्रिकोण कापावे लागतात आणि वर केलेला हिशोब लागू पडत नाही.

माल उतरवताना प्रत्येक फरशी एका हाताने कडेवर उभी धरून नाण्याने वाजवा. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द आवाज आला तर आत चीर आहे, ती कापताना फुटणारच. तशा फरश्या बाजूला काढून टेम्पो जाण्याआधी बदलून मागा. काही संशयास्पद राहिल्याच तर त्या कापायच्या ढिगात घाला, अख्ख्या बसवू नका. मग दोन फरश्या तोंडाला तोंड लावून बघा. मध्ये फट दिसली तर एक वाकडी आहे. अशी फरशी कितीही माल भरून बसवली तरी एक कोपरा पायाला लागतो.

खिडकीच्या पाट्यांबद्दल एक राहिलं. आपल्याकडचा पाऊस वाऱ्याबरोबर तिरका येतो, खानापूरकडे तर विचारायलाच नको. पाटी भिंतीबाहेर दीड-दोन इंच काढा, उतार बाहेरच्या बाजूला ठेवा आणि खालून, कडेपासून अर्धा इंच आत, कटरने एक उथळ खाच मारून घ्या. खाच नसेल तर पाणी दगडाच्या खालच्या अंगाने सरकत भिंतीत जातं आणि दुसऱ्या पावसाळ्यात आतला रंग फुगतो. ४८ गुणिले २७ चा तुकडा कापतानाच ही खाच मारायला सांगितली तर वेगळी मजुरी लागत नाही.

फरशीचे दोन अख्खे नग आणि ग्रॅनाईटचा एखादा हातभर तुकडा माळ्यावर ठेवून द्या. पुढे कधी नळाच्या कामासाठी फरशी उखडावी लागली तर त्याच खाणीचा, त्याच छटेचा दगड बाजारात परत मिळत नाही.